कथा : चौदा तास (आणि एक शंका, जाणकारांनी हिशेब तपासावा)

निशिगंध_७ | रात्री १०:५२

छोटी कथा लिहिली आहे. शेवट जमलेला नाही. त्याआधी रजिस्टरचा हिशेब खरा वाटतो का ते सांगा. वॉर्डात काम केलेली मंडळी इथे आहेत म्हणून विचारतेय.

मोरे वॉर्ड क्लार्क म्हणून मेडिकल वॉर्डात आला तेव्हा जानेवारी संपत आला होता. आधीचे क्लार्क रिटायर झालेले. जाताना त्यांनी तीन गोष्टी हातात दिल्या: कपाटाची किल्ली, स्टॅम्पपॅड आणि एक वाक्य. "इनची सही सापडली नाही तर बारा धरायचे, ऑफिसला चालतं."

रात्रीला वॉर्डात कंत्राटातले दोघे असतात, एक मामा आणि एक मावशी. नऊ ते सात, म्हणजे दहा तास. कंत्राटदाराचं बिल तासांवर निघतं आणि ते तास रात्रपाळीच्या रजिस्टरातून येतात. दर महिन्याच्या तीन तारखेला मोरेने बेरीज करून इन्चार्ज सिस्टरची सही घ्यायची आणि कागद ऑफिसात न्यायचा.

जानेवारीची बेरीज ६३४ आली. त्याने पुन्हा केली. ६३४. मग मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं: ३१ रात्री, दोन माणसं, दहा तास. ६२०. या महिन्यात एकाही रात्री तिसरा माणूस आलेला नव्हता, मग हे वरचे चौदा तास कुणी केले?

त्याने डिसेंबर काढला. ६३४. नोव्हेंबर काढला, तीस रात्रींचा. ६१४. तिथेही चौदाच वर.

संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत लटकताना त्याच्या डोक्यात तेच. रोजची चोरी असती तर तीस दिवसांच्या महिन्यात कमी निघाली असती. दर महिन्याला बरोबर चौदा. म्हणजे हे महिन्यातून एकदाच होतंय.

दुसऱ्या दिवशी त्याने जानेवारीच्या रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. एक तारखेच्या रकान्यात मामाचं नाव दोनदा होतं. एकदा रात्री नऊचं इन. आणि त्याच्या वर सकाळी सातचं आउट. त्या आउटसमोर इनचा रकाना कोरा असायला हवा होता, पण तिथे जुन्या क्लार्कच्या तिरप्या अक्षरात १२:०० लिहिलेलं होतं. तास : ७. खाली मावशी. तास : ७.

मग त्याने डिसेंबरचं शेवटचं पान पाहिलं. ३१ तारीख, मामा, नऊ ते सात, १०. मावशी, नऊ ते सात, १०.

इथे थांबले आहे. मोरे आता काय करेल? आणि असं खरंच होऊ शकतं ना, की फार ओढून आणलंय?

---

खवचट_काका | रात्री ११:०५

मोरे डोंबिवली लोकलमध्ये लटकत गुणाकार करतो, इथेच कथा काल्पनिक असल्याचं सिद्ध झालं. पुढे?

---

गणिताचा_मास्तर | रात्री ११:२१

चौदा आकडा पाहून मी हसलो. एक्सेल आहे हो हे! इन २१:००, आउट ०७:००. आउटमधून इन वजा केलं की ७ − २१ = −१४. कुणीतरी उणे चिन्ह काढून टाकलं आणि १४ राहिले. मध्यरात्र ओलांडणारी पाळी असली की हे ठरलेलंच. उपाय एका ओळीचा आहे, A2 मध्ये इन आणि B2 मध्ये आउट धरून:

```
=MOD(B2-A2,1)*24
```

याने १० येतात. कथेत मोरेला लॅपटॉप द्या.

---

मस्टरवाला | रात्री ११:४८

मास्तर, फॉर्म्युला बरोबर, निदान चुकलं. तुमच्या चुकीत एका रात्रीचे दहाऐवजी चौदा तास लागतात, म्हणजे माणशी चार जास्त. दोघांचे आठ. एका रात्रीत चूक झाली तर ८ जास्त, दोन रात्रींत १६. चौदा कधीच येणार नाही, कारण चौदाला आठने भाग जात नाही. शिवाय एक्सेलमध्ये वेळ उणे आली की रकान्यात नुसते #### दिसतात, चिन्ह कुणी गुपचूप काढत नाही.

इथे चौदा आहेत ते सात अधिक सात. बारा ते सात हे सात तास, दोन माणसांचे. निशिगंध यांनी कथेत नेमकं तेच दाखवलंय, आणि नाही, ओढून आणलेलं नाही. फक्त एक दुवा राहिलाय: मामाने सकाळच्या आउटची सही नव्या रजिस्टरात का केली? तो सांगितला नाही तर वाचक मामावर संशय घेईल.

कारण टेबलावर असतं. रात्री बारा वाजता नाईट सिस्टर पेशंट मोजते. किती होते, किती आले, किती गेले, किती दगावले, आता किती आहेत. हॉस्पिटलची तारीख त्या मोजणीने बदलते. ३१ तारखेला बाराची मोजणी झाली की ती जुनी वही बंद करते आणि एक तारखेची नवी काढते. त्याच हाताने हजेरीचं रजिस्टरही बदललं जातं. मामाने इनची सही जुन्यात केलेली असते, कारण तेव्हा नऊ वाजले होते. सकाळी सातला टेबलावर नवं रजिस्टर असतं, तो तिथे आउट करतो. त्याचं काय चुकलं?

आता जुन्या रजिस्टरातली ओळ. तिथे आउट नाही, मग १० कुठून आले? बऱ्याच वॉर्डांत पाळीची वेळ आणि तास इनच्या वेळीच लिहून टाकतात. "९ ते ७, १०". माणूस आला म्हणजे रात्र करणारच, हे गृहीत. म्हणून जुन्या वहीत पूर्ण दहा, आणि नव्या वहीत इन नसलेलं आउट. मग क्लार्क "बारा धरतो". खोटं कुणीच लिहिलेलं नाही.

---

अपर्णा_दादर | रात्री ११:५५

आमच्या सोसायटीतही हाच घोळ! वॉचमन रात्री ८ ते सकाळी ८, एजन्सीचं बिल दर महिन्याला जास्त. म्हणजे आम्हीही एजन्सीकडून पैसे परत मागायचे का?

---

मस्टरवाला | रात्री १२:१०

अपर्णाताई, आधी किती जास्त ते बघा. तुमच्याकडे बारा तासांची पाळी, त्यातले चार बाराच्या आधी आणि आठ नंतर. जास्तीचा आकडा दर महिन्याला वॉचमनमागे बरोबर ८ तास असेल तर हाच घोळ. बारा किंवा चोवीस असेल तर कुणीतरी न आलेली पाळी लावली आहे, आणि तो विषय निराळा.

---

अपर्णा_दादर | रात्री १२:१४

२४ आहे.

---

खवचट_काका | रात्री १२:१५

ताई, तुम्ही नवा धागा काढा. शक्यतो सेक्रेटरी झोपल्यावर.

---

कायद्याचं_पुस्तक | सकाळी ८:३०

मुळात बाराला तास तोडणंच बेकायदा आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ५७ बघा. पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली की बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, आणि त्या माणसाचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून सुरू होतो. जुन्या क्लार्कने कायदा मोडला. कथेत हे आलंच पाहिजे.

---

तिसरी_पाळी | सकाळी ९:१२

कलमातला मजकूर बरोबर सांगितलात, पण वॉर्ड म्हणजे फॅक्टरी नव्हे. ते कलम कारखान्यातल्या कामगारासाठी होतं. खाजगी हॉस्पिटलं आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात येतात. कथेतल्या मोरेच्या तोंडी कलम ५७ घातलंत तर ऑफिसातला माणूस त्याला तिथेच गप्प करेल.

आणि बाराला तोडणं चूकही नाही. जानेवारी घ्या, एका माणसाची जागा घ्या. पद्धत पहिली: ज्या तारखेला पाळी सुरू झाली त्या तारखेला पूर्ण दहा. ३१ गुणिले १० म्हणजे ३१०. पद्धत दुसरी: कॅलेंडरप्रमाणे तोडायचं. एक तारखेच्या पहाटेचे ७, मग एक ते तीस तारखेला सुरू झालेल्या तीस पूर्ण रात्रींचे ३००, आणि ३१ तारखेला बारापर्यंतचे ३. बेरीज पुन्हा ३१०.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख आहेत. महिन्याच्या सुरुवातीला दुसरी आणि शेवटी पहिली वापरली की ७ अधिक ३१० म्हणजे ३१७ होतात. दोन माणसांचे ६३४. कथेतला आकडा हाच.

---

शाईपेन | सकाळी ९:४०

म्हणजे उलटं मिसळलं तर?

---

तिसरी_पाळी | सकाळी १०:०२

अगदी, आणि ते जास्त वाईट. समजा मोरेने एक तारखेचे सात तास खोडले, आणि इकडे ऑफिसने "कॅलेंडरप्रमाणे चाला" म्हणून ३१ तारखेला तीनच तास धरले. मग सुरुवात पहिल्या पद्धतीची, शेवट दुसऱ्या पद्धतीचा. ३०० अधिक ३ म्हणजे ३०३. दोघांचे ६०६, ६२० ला चौदा कमी. हे चौदा तास मामा-मावशींनी खरोखर केलेले असतात आणि कुठल्याच महिन्यात दिसत नाहीत. बिल जास्त आलं तर कधीतरी कुणीतरी ओरडतं. कमी आलं तर कंत्राटदाराला पत्ता नसतो, आणि मामाकडे रजिस्टरची प्रत नसते.

गोष्टीला वळण हवं असेल तर इथे आहे. मोरे घाईने दुरुस्ती करायला जातो आणि फेब्रुवारीत चौदा तास उलट्या बाजूला जातात.

---

निशिगंध_७ | सकाळी १०:२०

बापरे. हे फारच चांगलं आहे. नऊची इन जुन्यात आणि सातची आउट नव्यात, हा दुवा मला सुचलाच नव्हता. मी सरळ लिहून टाकलं होतं.

एक विचारू? मोरेने ६२० हा आकडा "होऊच शकतो तेवढा" म्हणून काढलाय. हे नेहमी चालेल का?

---

परिचारिका_कट्टा | सकाळी ११:३५

नेहमी नाही. सिस्टरांच्या रजिस्टरला लावलंत तर फसाल. सकाळी सातला ओव्हर असतो. नाईटची सिस्टर बेड टू बेड पेशंट दाखवते, डेंजरस ड्रग्जच्या कपाटातल्या अँप्यूल मोजून देते, ऑक्सिजन सिलिंडर कुठला संपत आलाय ते सांगते. ती साडेसातला निघाली आणि सकाळची सातला आली, तर त्या अर्ध्या तासात खरंच दोघी हजर असतात. ती दुबार मोजणी नाही. चोवीस तासांपेक्षा बेरीज जास्त आली म्हणून घोळ आहे असं धरलंत तर रोज घोळ सापडेल.

मामा-मावशींचा ओव्हर तोंडी असतो, दोन मिनिटांचा. तास बांधलेले. तिथे ६२० ची फूटपट्टी चालेल. पण ती लावण्याआधी मोरेने एक बघायला हवं, त्या महिन्यात कुणी अर्ध्या रात्री बदललं का. रात्री दोनला एक मामा घरी गेला, दुसरा आला, आणि पहिल्याच्या नावापुढे "९ ते ७, १०" आधीच लिहून ठेवलेलं तसंच राहिलं, तर पाच तास दोघांच्याही नावावर. हीही दुबारच, पण महिन्यातून कितीही वेळा आणि कुठल्याही तारखेला. दर महिन्याला ठरलेला आकडा येत असेल तर ती नव्हे.

बाय द वे, कायम कर्मचाऱ्यांना हे लागू नाही. त्यांचा पगार तासांवर नसतो. कंत्राटातल्यांचं बिल घेतलंत हे बरं केलंत.

---

गणिताचा_मास्तर | दुपारी १२:१०

माझं −१४ चुकलं हे मान्य. पण एक राहिलं. नऊ ते सात दहा तास, त्यात जेवणाची सुट्टी कुठे आहे? तास सुट्टी वजा केली तर रात्र नऊ तासांची. मग ३१ गुणिले २ गुणिले ९ म्हणजे ५५८.

---

मस्टरवाला | दुपारी १:२५

सुट्टी वजा होते की नाही ते कंत्राटाच्या अटींवर. काहींमध्ये पाळी मोजतात, काहींमध्ये तास. निशिगंध यांनी "दहा तास बिलाचे" असं एक वाक्य टाकलं तरी पुरे. मास्तरांचा मुद्दा खरा असेल तर बारानंतरच्या तुकड्यातले तास सात की सहा, हे सुट्टी कधी घेतली त्यावर ठरेल, आणि जास्तीचा आकडा चौदा किंवा बारा येईल. तेवढ्यात अडकू नका.

आता मोरेने काय करायचं. तुमचा मूळ प्रश्न तोच होता आणि आपण सगळे बेरजा करत बसलो.

पहिलं, त्याने रजिस्टरला हात लावू नये. पांढरी शाई तर नाहीच. चुकलेली ओळ एका रेषेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. तेही ज्या महिन्याचा कागद अजून गेलेला नाही त्याच महिन्यात, आणि इन्चार्ज सिस्टरच्या सहीनिशी. म्हणजे इथे फक्त जानेवारी. डिसेंबर आणि नोव्हेंबर बंद झालेत, ते जसेच्या तसे राहतात. त्यांची वजावट पुढच्या बिलात वेगळी ओळ म्हणून येते.

दुसरं, आणि कथेसाठी हेच महत्त्वाचं. त्या सात तासांचे पैसे कुठे गेले? हॉस्पिटलने कंत्राटदाराला दिले. कंत्राटदाराने मामाला दिले का? बहुतेक नाही, कारण तो पगार स्वतःच्या हजेरीवरून काढतो आणि त्याच्या हजेरीत मामाच्या एकतीस रात्री आहेत, साडेएकतीस नाहीत. ताशी ऐंशी रुपये धरा. चौदा तासांचे ११२०. एका वॉर्डाचे वर्षाला १३,४४०. मोठी रक्कम नाही. पण ऑफिसने "मामाच्या पगारातून कापा" म्हटलं, तर मामाला कधीच न मिळालेले पैसे त्याच्याकडून वसूल होतील. म्हणून चिठ्ठीत मोरेने "जादा तास" एवढंच न लिहिता "बिलात जादा आकारणी" असं लिहावं. शब्दाने फरक पडतो.

---

कायद्याचं_पुस्तक | दुपारी २:०५

कथा नोव्हेंबर २०२५ च्या आधीची धरली तर इथे मात्र कायदा लागू होतो बरं का. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर ठेवायची आणि त्याने वाटलेली रक्कम प्रमाणित करायची तरतूद होती. म्हणजे हॉस्पिटलकडे पगाराचे आकडे असायला हवेत. मोरेने बिलाच्या शेजारी तो कागद ठेवला की कळेल सात तास कुणाच्या खिशात.

---

तिसरी_पाळी | दुपारी २:३०

असायला हवेत, हो.

---

शाईपेन | दुपारी ३:१५

मला अजून वाटतं की जुन्या क्लार्कला सगळं माहीत होतं. "ऑफिसला चालतं" असं कोण म्हणतं?

---

परिचारिका_कट्टा | दुपारी ४:००

जो वीस वर्षं कोऱ्या रकान्यावरून बोलणी खातो तो म्हणतो. कोरा रकाना असला की ऑफिस कागद परत पाठवतं. भरलेला असला की पाठवत नाही. त्याला बेरजेशी देणंघेणंच नव्हतं. पण असू शकतं तुम्ही म्हणता तसं. लेखिकेने ठरवावं.

---

निशिगंध_७ | रात्री ९:४०

ठरवत नाहीये. मोरेलाही कळणार नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचून शेवट असा केला आहे:

सिस्टरने चिठ्ठी वाचली, "बिलात" या शब्दावर बोट ठेवलं आणि काही न बोलता सही केली. ऑफिसात साहेबांनी विचारलं, बाकीच्या वॉर्डांतही असंच असेल का? मोरे म्हणाला, मला माझ्या वॉर्डाचं माहीत आहे. साहेबांनी चिठ्ठी फाइलला लावली आणि पुढचा कागद ओढला.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मोरे सातऐवजी साडेआठपर्यंत थांबला. मामा आला, त्याने जुन्या रजिस्टरात इन केलं. मोरेने त्याला आउटचा रकाना दाखवला. "उद्या सकाळची सही इथेच. नवं दिसलं तरी नाही." मामाने मान हलवली. मोरेने तासांच्या रकान्यातलं आधीच लिहिलेलं १० बघितलं, पण काही बोलला नाही. मार्चचं कोरं रजिस्टर उचलून त्याने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून स्टेशनकडे निघाला.

---

खवचट_काका | रात्री ९:५२

मामा साडेआठला हजर? अर्धा तास आधी? ही कथेतली सगळ्यात मोठी थाप.

---

परिचारिका_कट्टा | रात्री १०:०८

ते सोडा. किल्ली घेऊन डोंबिवलीला गेला हा. नाईट सिस्टरला बाराच्या मोजणीची नवी वही आणि सकाळच्या डाएटच्या चिठ्ठ्या त्याच ड्रॉवरमधून लागतात.